विषयांतर

माझा मावसभाऊ कृषी महाविद्यालयात आहे. धोरण म्हणून एक विषय असतो त्याला. मास्तरानं निबंध घातला : 'हरित क्रांती : लाभ आणि किंमत'. पोरानं आठ पानं लिहिली. सातव्या पानावर त्यानं एका गावाचं नाव लिहिलं, किळवेणमणी. तारीख लिहिली, 25 डिसेंबर 1968. आकडा लिहिला, 44. त्या परिच्छेदावर वरपासून खालपर्यंत लाल रेघ आणि बाजूला एकच शब्द : विषयांतर.

तो पेपर घेऊन तो माझ्याकडं आला. म्हणाला, "दादा, तूच तर सांगितलं होतंस हे." सांगितलं होतं. मी मॅट्रिक. गोदीत पाठीवर पोती घेतो, रात्री कविता करतो. शेतीशास्त्र शिकलेल्या माणसाशी वाद घालायची माझी पायरी नाही असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पाठीला पोतं कळतं, पोत्यात काय आहे तेही कळतं.

आधी लाभ. तो नाकारणारा खोटारडा. माझा आजा ह्याच मुंबई बंदरात 1966 साली अमेरिकेचा गहू उतरवायचा. त्या एका वर्षात सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आलं ह्या देशात. जहाज लागलं तर रेशन, नाही लागलं तर बोंब. आजा सांगायचा, फाटक्या पोत्यातून सांडलेला गहू झाडून घ्यायला बायका फाटकाबाहेर बसायच्या, आणि वॉचमन त्यांना हुसकायचा. त्याच साली मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचं 18 हजार टन बी आलं. 1964-65 साली देशात गहू पिकला होता सव्वा कोटी टनांच्या आत. 1970-71 साली पिकला जवळपास 2 कोटी 40 लाख टन. सहा वर्षांत दुप्पट. जुना उंच गहू जास्त खत घातलं की लोळायचा. बुटक्याची काडी आखूड आणि ताठ, खत पचवून ती उभी राहायची. एवढीच किमया, पण किमया खरी. 1972 च्या दुष्काळात आमच्या गावानं मिलो खाल्ली, लाल, कडवट. तशी आयती ज्वारी परत खायची वेळ आमच्यावर आली नाही. हे मी लाभाच्या रकान्यात माझ्या हातानं लिहितो.

आता किंमत. पोराच्या पुस्तकात किंमत म्हणजे काय? पंजाबची भूजलपातळी खाली गेली, जमीन खारावली, किटकनाशकं वाढली, कर्ज वाढलं. सगळं खरं. पण जरा बघा मित्रांनो, ही किंमत कुणाची? ज्याची बोअर आहे त्याचं पाणी खाली जातं. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याचीच जमीन खारावते. ज्याला बँक दारात उभी करते तोच कर्जबाजारी होतो. ज्याच्याकडं फक्त दोन हात आणि विळा, तो ह्या रकान्यात कुठं बसतो? त्याला लाभाच्या बाजूला एक ओळ दिलेली असते : उत्पादन वाढले, त्यामुळे मजुरांची मागणी वाढली, त्यामुळे मजुरी वाढली. दोन वेळा 'त्यामुळे'. माझं भांडण ह्या दुसऱ्या 'त्यामुळे'शी आहे.

हा 'त्यामुळे' तंजावरला तपासू. तमिळनाडूचा हा जिल्हा कावेरीच्या पाण्यावरचा, भाताचं कोठार. 1960-61 साली सरकारनं फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं 'पॅकेज प्रोग्रॅम' काढला, त्याच्या पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावर होतं. म्हणजे निबंधाबाहेरचं गाव नव्हे, प्रयोगाच्या टेबलावरचंच गाव. जमीन थोड्यांकडं, आणि पूर्व भागात राबणारे बहुतेक सगळे दलित. पिढ्यान् पिढ्या एका मालकाच्या दाराशी बांधलेल्या गड्याला तिथं पन्नैयाळ म्हणत. 1952 साली त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा मालकांनी गडी मोकळे करून रोजावर घ्यायला सुरुवात केली. बंधन सुटलं आणि खात्रीची भाकरीही सुटली.

मग साठीच्या मध्याला बी आलं. आडुतुरैच्या संशोधन केंद्रातलं, ए.डी.टी. 27. साधारण साडेतीन महिन्यांत तयार होणारं भात. पूर्वी बऱ्याच शेतांत सहा महिन्यांचं एकच लांब पीक असायचं. आता जूनच्या पाण्यावर कुरुवै लावायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरात कापायचं, आणि त्याच वावरात लगेच दुसरं पीक, ताळडी, लावायचं. कागदावर झकास. पण तंजावरला मोठा पाऊस ऑक्टोबरात येतो, ईशान्येकडून. म्हणजे कुरुवैची कापणी नेमकी पावसाच्या तोंडाशी. हे भात भिजलं की उभ्या लोंबीत कोंब धरायचं. चार दिवस उशीर झाला की दाणा गेला, आणि ताळडीची लावणीही मागं पडली. कापणी, मळणी, चिखलणी, लावणी, सगळं दोन-तीन आठवड्यांच्या फटीत.

त्या फटीत मजुराला आयुष्यात पहिल्यांदा वजन आलं. वर्षभर मालकाला घाई नसायची, पोटाला घाई असायची. आता मालकाला घाई झाली. मजुरी धान्यात होती, कापून मळून दिलेल्या मापामागं ठरलेला वाटा. मजूर म्हणाले, पीक वाढलंय, कष्ट वाढलेत, वाट्याचं माप वाढवा. मालक म्हणाले, बी माझं, खत माझं, जास्तीचं पीकही माझं. इथपर्यंत हे अर्थशास्त्र आहे. मालकाचं पुढचं पाऊल पण अर्थशास्त्रच आहे : बाहेरगावचे मजूर आणा, म्हणजे मागणी-पुरवठा जागेवर येतो. मजुरांची लाल बावट्याची युनियन होती, त्यांनी बाहेरच्या मजुरांना अडवलं. मालकांनी स्वतःची भात उत्पादक संघटना काढली. ती म्हणाली, लाल झेंडा उतरवा, आमच्यात या. नाही म्हणणाऱ्यांच्या यादीत किळवेणमणीचा दलितवाडा होता.

25 डिसेंबर 1968. त्या दिवशी झटापट झाली, मालकांकडचा एक माणूस मेला. रात्री मालकांची टोळी वाड्यावर आली. बाप्ये शेतातून पळाले. बाया, पोरं, म्हातारे एका झोपडीत शिरले. खोपटंच ते, आपल्या चाळीतल्या खोलीपेक्षा लहान. बाहेरून दार बंद झालं आणि झोपडी पेटली. 44 माणसं जळाली.

सेशन कोर्टानं 1970 मध्ये आठ मालकांना दहा-दहा वर्षं दिली. मद्रास हायकोर्टानं 1973 मध्ये ते सोडले. एवढ्या जमिनींचे धनी, त्यातल्या एकाकडं तर मोटार, असले लोक स्वतः पायी जाऊन झोपड्या पेटवतील हे न्यायमूर्तींना पटलं नाही. वाचताना मला हसू आलं, मग दोन दिवस पोतं उचलवेना.

आणि 1969 साली तमिळनाडूत शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा आला. आधी लागू झाला तो तंजावरच्या ह्याच पूर्व भागाला. कापणीचं माप कायद्यानं ठरलं. म्हणजे मजुरी वाढली! मास्तरांची ओळ बरोबर निघाली. फक्त पहिल्या आणि दुसऱ्या 'त्यामुळे'च्या मध्ये एक बंद झोपडी आहे, ती पुसून टाकली की ओळ सरळ दिसते.

आणखी एक. 'हरित क्रांती' हा शब्दच कुठून आला? 8 मार्च 1968 ला वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी मदतखात्याचा प्रमुख विल्यम गॉड बोलला : रशियासारखी लाल क्रांती नाही, इराणच्या शहासारखी पांढरी नाही, ही हरित. म्हणजे शब्द जन्मालाच आला तो लाल बावट्याला उत्तर म्हणून. त्याच साली आपल्या सरकारनं गहू क्रांतीचं पोस्टाचं तिकीट काढलं. मार्चमध्ये शब्द, जुलैमध्ये तिकीट, डिसेंबरात झोपडी. एका कॅलेंडरात बसणारी गोष्ट विषयांतर कशी होते? दिल्लीला ते विषयांतर वाटलं नव्हतं. 1969 साली गृहमंत्रालयानं शेतीतल्या तणावाच्या कारणांवर अहवाल केला, नव्या बियाण्याचा आणि वाढत्या विषमतेचा संबंध त्यात लावला. गृहमंत्री कोण? आपले यशवंतराव चव्हाण. अमेरिकेच्या फ्रॅन्सिन फ्रँकेल बाईंनी पाच जिल्हे फिरून 1971 साली पुस्तक काढलं, त्यात तंजावर आहे. पुस्तकाच्या नावातच आर्थिक लाभ आणि राजकीय किंमत हे शब्द आहेत. मास्तर, तुमच्या प्रश्नाचे शब्दसुद्धा त्या बाईंच्या पुस्तकाच्या नावाशी जुळतात.

एक गोष्ट माझ्या विरोधात जाते, तीही सांगतो, नाहीतर उद्या कुणी तोंडावर फेकील. तमिळनाडूच्याच उत्तर अर्काट भागात हॅझेल आणि रामसामी ह्यांनी सत्तरीच्या सुरुवातीला आणि पुन्हा दहा वर्षांनी त्याच गावांची पाहणी केली. 1991 च्या त्यांच्या पुस्तकाप्रमाणं तिथं लहान शेतकऱ्याला आणि भूमिहीनालाही फायदा झाला. मानतो. बी जात बघून उगवत नाही. पण एका जिल्ह्यात वाटा सुखानं मिळतो आणि दुसऱ्यात आगीतून, तर फरक बियाण्यात नाही. जमीन किती हातांत आहे, आणि ते हात कुठल्या जातीचे आहेत, ह्यात आहे.

बाबासाहेबांनी 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये लिहून ठेवलं होतं : शेती सरकारी उद्योग करा, जमीन जात न बघता गावकऱ्यांना कसायला द्या, म्हणजे जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही, भूमिहीन मजूरही राहणार नाही. 1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी पडीक जमिनीसाठी देशभर सत्याग्रह केला, हजारो लोक जेलात गेले. आम्ही जमीन मागत होतो, आणि त्याच सुमाराला दिल्लीनं ठरवलं की पाणी आहे तिथं, ऐपत आहे त्याला, बी आणि खत द्यायचं. धान्याचा प्रश्न त्यानं सुटला. आमचा अर्ज अजून टेबलावर आहे.

हे सगळं जुनं झालं म्हणणाऱ्यांनी पंजाबात जावं. तिथं जवळजवळ दर तिसरा माणूस दलित, आणि जमिनीत त्याचा वाटा नखाएवढा. 2020 च्या जूनमध्ये लॉकडाऊनमुळं बिहार-यूपीचे मजूर आले नाहीत. भाताची लावणी तोंडावर, फट पुन्हा तीच. गावच्या दलित मजुरांनी एकरामागं दर वाढवून मागितला. मागणी वाढली, पुरवठा घटला. पुस्तकाप्रमाणं दर वाढायला पाहिजे. काही गावच्या पंचायतींनी ठराव केले : दर आम्ही ठरवू, जास्त मागेल त्याच्यावर बहिष्कार, जास्त देईल त्याला दंड.

मी पोराला म्हटलं, पुढच्या खेपेला हे ठराव पहिल्या पानावर घाल. तो म्हणाला, "दादा, मार्क जातील." मी म्हटलं, किती? म्हणाला, "दहातले चार."