मोडलेल्या पायाचे साठ दिवस

दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी वाढतात आणि रस्तेही तेव्हाच तुंबतात. समजा, त्या गर्दीत पार्सल पोचवणाऱ्या तरुणाचा पाय मोडला. डॉक्टर म्हणाले, साठ दिवस गाडीवर बसायचं नाही. कंपनीच्या अपघात विम्यातून हॉस्पिटलचं बिल कदाचित भागेल. तेही अपघात ऑर्डर हातात असताना झाला असेल तर. पार्सल देऊन परतताना, पुढच्या ऑर्डरीची वाट पाहताना झाला, तर वाद सुरू. पण खोलीचं भाडं, गाडीचा हप्ता, किराणा?

त्याच्याच चाळीत राहणारा, महिना १८,००० रुपये पगाराचा कारखान्यातला कामगार कामावर असा जायबंदी झाला, तर कर्मचारी राज्य विमा योजनेतून त्याला पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते. दिवसाचे ५४० धरले तर साठ दिवसांचे ३२,४०० रुपये. आपल्या तरुणाला यातलं काही नाही, कारण कागदोपत्री तो नोकर नव्हे, ‘भागीदार’ आहे.

गेल्या दिवाळीनंतर, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ११४ मध्ये अशा कामगारांसाठी अपघात, आरोग्य, प्रसूती, वृद्धापकाळ यांच्या योजनांचा उल्लेख आहे. बुडालेल्या रोजीचा स्पष्ट उल्लेख नाही. खरं भगदाड तिथंच आहे.

पैसा मात्र उभा राहू शकतो. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यावेत, पण ही रक्कम कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपुढे जाऊ नये, असं संहिता सांगते. राज्य विमा योजनेत मालक आणि कामगार मिळून ४ टक्केच भरतात. म्हणजे या कमाल मर्यादेच्या आत बुडालेली रोजी भरून देण्याइतकी जागा आहे. ही वर्गणी वर्षाअखेरीस उलाढालीवर मोजण्यापेक्षा कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मोबदल्यावर घेतलेली बरी. लपवायला वाव राहत नाही.

आणि ही व्यवस्था महाराष्ट्राला नवी नाही. मार्केटातला हमाल सकाळी एका गाळ्यावर, दुपारी दुसऱ्या. त्याचा मालक कोण? १९६९ च्या माथाडी कायद्याने हा प्रश्नच बाजूला ठेवला. व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, औषधोपचार द्यायचे. या मंडळांत बोगस नावांच्या तक्रारी झाल्या, हे नाकारता येत नाही. पण ॲपवर प्रत्येक फेरीची वेळ, अंतर आणि रक्कम नोंदलेली असते. चार ॲपवर काम करणाऱ्याची चार खाती एका नोंदणी क्रमांकाला जोडली, की मंडळाला त्याची सरासरी रोजी काढता येते आणि पेट्रोल वजा जाता उरणाऱ्या कमाईवर भरपाई ठरवता येते.

राज्य सरकारने असं मंडळ नेमावं, त्यात कामगारांचे निवडून आलेले प्रतिनिधी घ्यावेत आणि पहिली योजना अपघातात किंवा आजारपणात बुडालेल्या रोजीची आखावी. लॉग-इन केल्यापासून लॉग-आऊट करेपर्यंतचा सगळा वेळ तिने कामाचा धरावा, ही आमची मागणी आहे.