मूल चुकले, की प्रश्नच पोचला नाही?

बुद्धिमापन चाचणीचा आकडा हा आपल्याकडे ज्योतिषाच्या पत्रिकेसारखा मानला जातो. एकदा कागदावर उतरला की तो पुसत नाही. मानसशास्त्राच्या वर्गात आम्ही प्रमाणित चाचणीचे गोडवे शिकतो. सर्व मुलांना सारखेच प्रश्न, सारख्याच शब्दांत, सारखाच वेळ. या सारखेपणाविषयी माझी तक्रार आहे. ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही, त्याच्यापुढे तेच शब्द उच्चारले तरी त्याच्यापर्यंत तेच शब्द पोचत नाहीत. म्हणजे चाचणी सारखी राहतच नाही. ती सारखी आहे असे फक्त परीक्षकाला वाटत असते.

माझ्या मामेभावाचे उदाहरण देते. त्याला राजू म्हणू. साडेसात वर्षांचा असताना शाळेच्या सांगण्यावरून त्याची बिने-कामत चाचणी झाली. बुद्ध्यंक आला ६१ आणि अहवालात लिहिले, ‘सौम्य मतिमंदत्व, लक्ष विचलित, उत्तरे असंबद्ध.’ राजूला श्रवणयंत्र होते, पण ते पाचव्या वर्षी बसलेले. त्याच्या श्रवणालेखात चांगल्या कानाची रेघ २५० हर्ट्झला ३५ डेसिबलवर होती आणि ४००० हर्ट्झपाशी ७५ डेसिबलपर्यंत उतरली होती. हा आलेख मामाच्या पिशवीत होता. तो कोणी मागितला नाही.

अशा उतरत्या रेघेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. स्वरांची ताकद मुख्यत्वे खालच्या पट्टीत असते, ते राजूला ऐकू येतात. स, श, च यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत आणि दुबळी, ती गळतात. त्यामुळे मागून हाक मारली तर तो वळतो आणि लोक म्हणतात, “ऐकू तर येतंय की!” आवाज ऐकू येतो, शब्द येत नाही. ‘सात’मधला स गेला की उरते ‘आत’, आणि ते ‘आठ’ला अगदी जवळचे. आकडे ऐकून पुन्हा म्हणण्याच्या प्रश्नात राजू साताच्या जागी आठ म्हणत होता. परीक्षकांनी मांडले, स्मृती कमी. मोजली गेली ती स्मृती नव्हे.

ओठ वाचून हे भरून निघते, हा आणखी एक समज. प, ब आणि म ओठांवर एकसारखेच दिसतात. ‘माठ म्हणजे काय?’ या प्रश्नाला राजूने सांगितले, “त्यावर बसून जेवतात.” असंबद्ध उत्तर! पण ‘पाट’ म्हणून ऐकले असेल तर याहून चोख उत्तर कोणते?

व्याकरणाचे दुखणे तर याहून खोल आहे. मराठीत कोणी कोणाला काय केले, हे ने, ला, कडे अशा लहानशा प्रत्ययांवर ठरते आणि बोलताना त्यांवर जोर नसतो. तोंडी हिशेब घाला: रामकडे पाच पेरू होते, शामने रामला दोन दिले, तर रामकडे किती? राजू म्हणाला तीन. मामीने घरी चिंचोके मांडून शामच्या ढिगातले दोन रामच्या ढिगात सरकवून दाखवले, तेव्हा त्याने न मोजता सात सांगितले. त्याची वजाबाकी चुकली नव्हती आणि बेरीजही नाही. शामचा ‘ने’ आणि रामचा ‘ला’ त्याच्या हाती लागला नव्हता.

काही महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी चाचणी झाली. मानसशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला बसू दिले. तिथल्या बाईंनी आधी यंत्राचा सेल पाहिला. मग तोंडापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी एकेक म्हटले. ऐकू आला की राजूने मणी टाकायचा. डॅनिएल लिंग यांची ही तपासणी दोन मिनिटांत होते. ‘स’ला मणी पडला नाही, तेव्हा यंत्राचा साचा कानात सैल बसला आहे हे कळले. तो नीट बसवला, पंखा बंद केला, आणि उजेड स्वतःच्या तोंडावर पडेल अशा बेताने त्या हातभर अंतरावर बसल्या. मला सर्वांत पटले ते असे की, त्या बोलताना ठोकळ्यांना हात लावत नव्हत्या आणि ठोकळे दाखवताना बोलत नव्हत्या. राजूला डोळे एका वेळी एकीकडेच लावता येतात. आधीच्या अहवालातले ‘लक्ष विचलित’ बहुधा इथूनच आले असावे.

चाचणी होती नागपूरच्या माॅलिन यांनी भारतीय मुलांसाठी बसवलेली. तिचे शाब्दिक आणि कृतीचे असे दोन भाग आहेत. कृतीच्या भागात राजूला १०२ मिळाले, शाब्दिक भागात ६४. सरासरी काढली तर ८३. हा ८३ मला घातक वाटतो. तो ना बुद्धीचा आकडा, ना भाषेचा. पण दिसतो मात्र सभ्य, ‘जरा मंद आहे’ एवढेच सांगणारा. बाईंनी सरासरी काढलीच नाही. ६४ त्यांनी फेकूनही दिला नाही. त्याखाली लिहिले की यंत्र लागून अडीच वर्षे झाली आहेत. हा आकडा आजवर कानावर पडलेल्या मराठीचा आहे, आणि भाषा-वाणी उपचाराची सुरुवात कुठून करायची ते तो दाखवतो. प्रश्न विचारण्याची रीत कुठे बदलली, हेही नोंदवले. रीत बदलली की सर्वसाधारण मुलांच्या गुणांशी तुलना सैल होते. ते लपवून चालत नाही.

कृतीच्या चाचण्या हा काही नवा शोध नव्हे. पिंटनर आणि पॅटर्सन यांनी १९१७ सालीच अशी मालिका प्रसिद्ध केली होती, तीही बहिऱ्या मुलांचा विचार करून. म्हणजे साधन शंभर वर्षांहून जुने आहे.

तरीही कृतीत चांगले गुण पडले म्हणून सगळे आलबेल, असे मी म्हणणार नाही. बहिरेपणासोबत स्वमग्नता किंवा अन्य अडचण असू शकते. हाकेला ओ न देणे हे दोन्हींत दिसते, म्हणून त्यावरून काहीच ठरवू नये. पाहायचे ते हे: मूल बोटाने दाखवते का, दाखवून आपल्याकडे वळून बघते का, शब्द नसला तर हातवारे करून सांगू पाहते का, खोटा-खोटा चहा करून देते का. राजू हे सारे करतो, जरा जास्तच करतो. ज्या मुलाला ऐकू कमी येते आणि हेही दिसत नाही, त्याची वेगळी तपासणी हवीच. ‘बहिरा आहे म्हणून’ असे म्हणत ती टाळणे हीसुद्धा चूकच.

खुणांनी प्रश्न विचारले की काम भागते, असेही नाही. ‘नाक कुठे आहे?’ हे खुणेने विचारायचे तर विचारणारा स्वतःच्या नाकाला बोट लावतो. उत्तर प्रश्नातच मिळून गेले! म्हणून खुणांची भाषा जाणणारा आणि चाचणीही जाणणारा माणूस लागतो. असे लोक थोडे आहेत.

आपल्या विभागातल्या प्रात्यक्षिकाच्या वहीत मुलाचे नाव, वय, इयत्ता आणि पालकांचा व्यवसाय यांसाठी रकाने आहेत. श्रवणालेख पाहिला का, यंत्र कधी बसले आणि आज चालू होते का, यांसाठी नाहीत. हे तीन रकाने येत्या वर्षी छापून घ्यावेत, अशी माझी विभागाला विनंती आहे.