चूक त्यांची, राजपत्र आपल्या माथी का?

वस्तीतली एक मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि जातीच्या दाखल्यावर तिचं आडनाव Kamble आहे. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर मात्र ते Kambale छापलं गेलं. खिडकीवर सांगण्यात आलं, "राजपत्रात नाव बदलून आणा." आपले काही कार्यकर्तेही हाच सल्ला देतात. माझा त्याला ठाम विरोध आहे.

राजपत्र नाव बदलणाऱ्यासाठी असतं. तिथे 'जुने नाव' म्हणून Kambale छापलं, की ते आपलं नाव होतं हे तिनं स्वतःच कबूल केलं. मग त्याआधीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर 'नवं' नाव कसं, असं पडताळणीत कुणी विचारलं तर ती काय सांगणार? एका अक्षराची चूक निस्तरताना आपणच दुसरा घोळ घालतो.

म्हणून अर्जाच्या विषयातच 'बदल' नव्हे, 'दुरुस्ती' लिहा. मंडळाच्या नोंदी बदलण्याबाबत जिग्या यादव खटल्यात (2021) सर्वोच्च न्यायालयानंही शाळेच्या नोंदीप्रमाणे करायची दुरुस्ती आणि नवं नाव घेणं यांत फरक केला आहे.

लिहिण्याआधी चूक कुठं झाली ते शोधा. या मुलीच्या प्रवेश अर्जाच्या प्रतीत Kamble स्पष्ट होतं. म्हणून प्राचार्यांमार्फत, परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना आम्ही लिहिलं:

"माझ्या प्रवेश अर्जात व दहावीच्या प्रमाणपत्रात आडनाव Kamble आहे. गुणपत्रिकेत ते Kambale असे छापले गेले आहे. मी नाव बदललेले नाही. मूळ नोंदीत दुरुस्ती करून सुधारित गुणपत्रिका द्यावी."

खाली कायम नोंदणी क्रमांक, आसन क्रमांक आणि चूक असलेल्या प्रत्येक सत्राचा उल्लेख केला. 'मूळ नोंदीत' हे शब्द गाळू नका. नुसता कागद दुरुस्त झाला, तर पदवी प्रमाणपत्रावर तीच चूक पुन्हा छापली जाईल.

आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मूळ गुणपत्रिका मागितली, तर पोच घेऊनच द्या. उत्तर आलं नाही, तर दहा रुपयांच्या माहिती अर्जात आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा आणि भरलेल्या प्रवेश अर्जाची प्रतही मागा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.

अर्ज भरताना चूक आपल्याच हातून झाली असेल, तर तसं सरळ लिहा आणि नियमातलं शुल्क भरा. तरीही ती दुरुस्तीच ठरते, कारण दहावीची नोंद तीच आहे. प्रतिज्ञापत्र मागितलं तर आधी लेखी नियम दाखवायला सांगा. नियम असेल तर द्या, पण त्यातही 'स्पेलिंगची चूक' असंच लिहा.

'कृपा करून माझे नाव बदलून द्यावे' असं लिहिणारी आपली पोरं विनाकारण गुन्हेगारासारखी उभी राहतात. नाव आपलं बरोबरच आहे. चुकली आहे ती त्यांची नोंद.