सबटायटल लावली, तरी नानींना कळेना

एका वाचक भगिनीने विचारले आहे: "आमच्या नानींना कमी ऐकू येतं. सिनेमाला सबटायटल लावून देतो, तरी त्या मध्येच 'आता काय झालं?' म्हणतात. असं का?"

साधी सबटायटल ऐकू येणाऱ्या, पण भाषा न समजणाऱ्या प्रेक्षकासाठी केलेली असतात. त्यांत फक्त बोललेले शब्द येतात. दारावर थाप पडली, मागून कुणी हाक मारली, गोळी सुटली, तर नायक का दचकला हे नानींना कळणार कसे? बहिऱ्यांसाठीच्या कॅप्शनमध्ये हे आवाज कंसात लिहिलेले असतात. बोलणारा पडद्यावर दिसत नसेल, तर त्याचे नावही येते. सबटायटलच्या यादीत भाषेपुढे CC किंवा SDH ही अक्षरे शोधा.

पण अक्षरांवर विसंबू नका. कुणीच बोलत नाही, पण आवाज खूप आहेत असा एखादा प्रसंग काढा, टीव्हीचा आवाज बंद करा आणि दोन मिनिटे तुम्ही स्वतः पाहा. पुढे काय घडतेय हे समजले, तर नानींनाही समजेल.

दुसरी अडचण भाषेची. हिंदीत डब केलेल्या तुर्की मालिकेला हिंदी सबटायटल लावली, तरी कानावर एक वाक्य पडते आणि पडद्यावर दुसरेच दिसते. डबिंगचे भाषांतर ओठांच्या हालचालीला जुळवलेले असते, सबटायटलचे वाचायच्या वेळेला. थोडेफार ऐकू येणाऱ्याचा यात जास्तच गोंधळ उडतो. म्हणून मूळ हिंदी चित्रपट आणि हिंदीच कॅप्शन अशी जोडी पाहावी. ती सहज सापडत नाही. बऱ्याच हिंदी चित्रपटांना इंग्रजीच सबटायटल असतात. जानेवारी 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीसाठी हिंदी कॅप्शन आणि ऑडिओ डिस्क्रिप्शन तयार करायला सांगितले, ते अंध आणि बहिऱ्या प्रेक्षकांनी दाद मागितल्यावरच.

ऑडिओ डिस्क्रिप्शन ही अंधांची सोय. संवादांमधल्या मोकळ्या जागेत एक आवाज सांगतो, "ती पत्र फाडते, खिडकीकडे जाते." नेटफ्लिक्सने ती 2015 मध्ये 'डेअरडेव्हिल'पासून सुरू केली, त्या मालिकेचा नायकच अंध आहे. पुष्कळजण ती सबटायटलमध्ये शोधतात आणि नाही म्हणून सोडून देतात. ती असते आवाजाच्या, म्हणजे Audio च्या यादीत. भाषेच्या नावापुढे Audio Description असे लिहिलेले. इथे परीक्षा डोळे मिटून करायची, आणि तीही पाठलागाच्या प्रसंगावर. वर्णन कोणत्या भाषेत आहे तेही ऐकून घ्या. संवाद हिंदी आणि वर्णन फक्त इंग्रजी डबिंगबरोबर, असेही होते.

एक मात्र आहे. हे वर्णन टीव्हीवर लावले की घरातल्या सगळ्यांनाच ऐकावे लागते. मुले कुरकुर करतील. मामूंना फोन आणि इअरफोन द्या आणि दोन्हीकडे एकाच वेळी सुरू करा; सेकंदभर मागेपुढे झाले तरी चालते.