गुळवेल: रस, चूर्ण, सत्त्व की कॅप्सूल? आधी हिशोब करा

"डॉक्टर, गुळवेलीचा रस चांगला की गोळी?" हा प्रश्न कोरोनानंतर ओपीडीत इतक्या वेळा आला आहे की एकदा सविस्तर लिहूनच टाकतो. शहापूर-मुरबाडकडच्या लोकांना गुळवेल नवी नाही. ती कुंपणावर असते, आंब्यावर चढलेली असते, जंगलात तर असतेच. शहापुरात आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेच्या वनधन केंद्रातून कातकरी मंडळी ती गोळा करतात, वाळवतात आणि मोठ्या औषध कंपन्यांना विकतात. म्हणजे आपल्याच डोंगरातली वेल बाहेर जाते आणि बाटली किंवा डबी होऊन आपल्याच मेडिकलच्या दुकानात परत येते. मधल्या प्रवासात तिच्यात काय बदलतं, हे समजलं तर वरच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला स्वतःलाच देता येईल.

"स्ट्राँग" म्हणजे नेमकं काय?

कोणताही प्रकार घ्या, त्याची ताकद एकाच गोष्टीवरून मोजायची: दिवसभरात तुमच्या पोटात किती ग्रॅम वेल गेली? आयुर्वेदाच्या सरकारी औषधकोशात वाळलेल्या गुळवेलीच्या चूर्णाचं प्रमाण दिवसाला 3 ते 6 ग्रॅम दिलं आहे. ही मोजपट्टी लक्षात ठेवा.

चूर्णाचं गणित सोपं आहे. 3 ग्रॅम चूर्ण म्हणजे 3 ग्रॅम वाळलेली वेल. ओली वेल वाळली की साधारण पाचातला एक भाग उरतो, म्हणजे ही झाली अंदाजे 15 ग्रॅम ओली वेल.

घनवटी, म्हणजे ज्याला एक्स्ट्रॅक्ट म्हणतात, तिचं गणित वेगळं आहे. वेल पाण्यात उकळतात, गाळतात आणि ते पाणी घट्ट होईपर्यंत आटवतात. औषधकोशाच्या निकषाप्रमाणे चांगल्या वाळलेल्या गुळवेलीतून निदान 11 टक्के भाग पाण्यात उतरायला हवा. म्हणजे 100 ग्रॅम वेलीतून 11 ग्रॅमच्या आसपास घन मिळतो. उलट हिशोब केला, तर 500 मिलिग्रॅम घनाच्या एका गोळीमागे साडेचार ग्रॅमपर्यंत वेल असते.

खरी गफलत इथेच होते. दुकानात दोन डब्या शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींवर "गुळवेल 500 मिलिग्रॅम" असतं. एकीच्या कॅप्सूलमध्ये नुसतं चूर्ण भरलेलं असतं, म्हणजे अर्धा ग्रॅम वेल. दुसरीत घन असतो, म्हणजे जवळजवळ नऊपट. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून डबीच्या मागची बारीक अक्षरं वाचा: "चूर्ण" लिहिलंय की "घन", "एक्स्ट्रॅक्ट", "सत्"? काहीच लिहिलं नसेल तर ती डबी घेऊ नका.

सत्त्वाबद्दल एक मोठा गैरसमज

सत्त्व म्हटलं की लोकांना वाटतं, हा वेलीचा अर्क, सगळ्यात जोरदार. प्रत्यक्षात सत्त्व असं काढतात: ओली वेल ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायची, कुस्करून चोथा काढायचा, पाणी स्थिर ठेवायचं, वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं आणि तळाचा पांढरा साका वाळवायचा. हा साका मुख्यतः स्टार्च असतो. कडू द्रव्यं पाण्यात विरघळणारी असल्यामुळे त्यांतली बरीचशी ओतून दिलेल्या पाण्याबरोबरच जातात. म्हणूनच सत्त्व वेलीइतकं कडू लागत नाही.

खूप वेलीतून थोडंसंच सत्त्व निघतं, म्हणून ते महाग असतं. महाग आहे याचा अर्थ ते तीव्र आहे असा नाही. त्यात कॉर्नफ्लोअर मिसळलं तर घरी ओळखणंही अवघड. आयोडिनचा थेंब टाकून बघाल तर अस्सल सत्त्वही निळंच होणार, कारण तेही स्टार्चच.

अंगी कोणता लवकर लागतो?

रसात द्रव्यं आधीच विरघळलेली असतात, चूर्ण पोटात भिजावं लागतं आणि कॅप्सूलचं आवरण सुटायला जास्तीत जास्त अर्धा तास जातो. हा फरक मिनिटांचा आहे. डोकं दुखत असताना घेतलेल्या गोळीला तो महत्त्वाचा. महिनाभर रोज घ्यायच्या वस्तूला त्याने काही फरक पडत नाही.

खरा अडथळा पुढे आहे, आतड्याच्या भिंतीपाशी. गुळवेलीतली मोठी पिष्टमय द्रव्यं जशीच्या तशी रक्तात जातच नाहीत. बर्बेरिनसारखं कडू द्रव्य घेतलं तरी त्याचा फार थोडा अंश रक्तापर्यंत पोचतो. रस पिऊन किंवा कॅप्सूल गिळून हा अडथळा टळत नाही. त्यामुळे "आमचा रस शंभर टक्के शोषला जातो" अशा जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

टिकाऊपणा आणि पैसे

शार्ङ्गधराने गुळवेल नेहमी ताजी वापरायला सांगितली आहे आणि चूर्ण दोन महिन्यांनी उतरतं असंही म्हटलं आहे. आजच्या नियमांनुसार पॅकबंद चूर्णाला दोन वर्षांची मुदत मिळते. ती मुदत बंद डब्याची आहे, आपल्या स्वयंपाकघरातल्या उघड्या बरणीची नाही. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे: जूनमध्ये उघडलेल्या चूर्णात ऑगस्टपर्यंत गुठळ्या होतात. गुठळी, कुबट वास किंवा बदललेला रंग दिसला तर चूर्ण टाकून द्या. बुरशीचं विष यकृतालाच बाधतं. ताजा रस त्याच दिवशी संपवावा. बाटलीतला रस टिकतो तो प्रिझर्व्हेटिव्हमुळे, आणि उघडल्यावर तोही फ्रिजमध्ये ठेवून बाटलीवर लिहिलेल्या दिवसांत संपवायचा असतो.

आता पैसे. 2020 मध्ये केंद्र सरकारने गुळवेलीला किलोमागे 40 रुपये किमान आधारभूत दर ठरवला. त्या दराने 6 ग्रॅम वेल म्हणजे 24 पैसे. तुमची गोळी समजा पाच रुपयांना पडते. तिच्यातल्या वेलीचे पैसे 18 पैशांच्या आसपास. बाकीचे पैसे घन काढणं, तपासणी, डबी, वाहतूक, नफा आणि जाहिरात यांचे. तपासणीसाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. पण "महाग म्हणजे जास्त गुणकारी" हा हिशोब इथे चालत नाही.

एका ताईंचा हिशोब

मुरबाडजवळच्या एका गावातल्या पन्नाशीच्या ताई माझ्याकडे थकव्यासाठी आल्या. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि थायरॉइडची गोळी चालू होती. आणखी काही घेता का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "औषध असं काही नाही, थोडी गुळवेल." ती थोडी म्हणजे किती, ते कागदावर मांडलं. सकाळ-संध्याकाळ 500 मिलिग्रॅमची एकेक घनवटी: नऊ ग्रॅमपर्यंत वेल. एक चमचा चूर्ण: 3 ग्रॅम. झाले बारा, म्हणजे वरच्या मर्यादेच्या दुप्पट. शिवाय भाच्याने आणून दिलेला बाटलीतला रस, दोन झाकणं. त्यात वेल किती, हे बाटलीवर लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे तो मोजताच आला नाही. हे चार महिने चालू होतं.

तपासणीत एसजीपीटी नॉर्मलच्या दुपटीहून थोडं जास्त आलं. मधुमेहात यकृतावर चरबी साठूनही असं होऊ शकतं, त्यामुळे दोष गुळवेलीचाच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण तिन्ही प्रकार बंद केले, बाकी औषधं तशीच ठेवली आणि दोन महिन्यांनी आकडा नॉर्मल आला. ताईंनी प्रत्येक गोष्ट "थोडी"च घेतली होती. तीन वेगळ्या नावांनी एकच वेल आपण घेतोय, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

यकृताचा प्रश्न

2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर या सर्वांना कावीळ झाली होती आणि त्यांतल्या एका महिलेचा मृत्यू झाला. बायोप्सीचं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तसं. पुढे देशभरातल्या वेगवेगळ्या केंद्रांतून असे आणखी रुग्ण नोंदले गेले. प्रतिकारशक्ती "वाढवणारी" वस्तू चुकीच्या माणसात नको तिथे ती चेतवू शकते, असा याचा अर्थ मी घेतो.

आयुष मंत्रालयाचं म्हणणं वेगळं होतं: गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा घातक ठरू शकते. हा मुद्दाही ध्यानात ठेवा. क्रिस्पाच्या खोडावर दाट, बारीक गाठी असतात आणि कापल्यावर दुधासारखा चीक येतो. आपल्या गुळवेलीला तसा चीक येत नाही. हा फरक अख्ख्या खोडावर दिसतो. चूर्ण किंवा कॅप्सूल झाल्यावर तो तुम्हालाही दिसणार नाही आणि मलाही.

मग माझं मत काय?

प्रतिकारशक्तीसाठी महिनोन्महिने गुळवेल घ्यावी, असा पुरावा मला पटेल इतका भक्कम नाही. म्हणून मी स्वतःहून ती लिहून देत नाही. तुम्हाला घ्यायचीच असेल तर:

- एका वेळी एकच प्रकार घ्या. माझी पसंती चूर्णाला, कारण त्यात किती वेल आहे हे चमच्याने मोजता येतं. दुसरी पसंती ओळखीच्या माणसाने दाखवलेल्या ताज्या वेलीच्या काढ्याला.
- घनवटी फक्त वैद्यांच्या सल्ल्याने, त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरती घ्या.
- आधीपासून यकृताचा आजार, ल्युपस, आमवात, सोरायसिस किंवा ऑटोइम्यून थायरॉइड असेल तर कोणताच प्रकार नको. प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनीही घेऊ नये.
- मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर आम्हाला सांगितल्याशिवाय सुरू करू नका. साखर जास्त खाली जाऊ शकते.
- लघवी गडद पिवळी होणं, डोळे पिवळे दिसणं, भूक मरणं, अंगाला खाज सुटणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी गुळवेल बंद करा आणि लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या.

आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" असं विचारलं की डबी, बाटली, बरणी सगळं पिशवीत घालून घेऊन या. बेरीज आपण दोघं मिळून करू.