उसाच्या ट्रॉलीचा अपघात: कारखान्याची जीप असेल तर कारखाना जबाबदार, मग ठेकेदाराचा ट्रॅक्टर असेल तर का नाही?

गळीत हंगाम सुरू झाला की तालुक्यातल्या रस्त्यांवर रात्री-बेरात्री दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिसू लागतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि पाठीमागून येणारा दुचाकीस्वार थेट उसात घुसतो. अपघातानंतर नातेवाईक कारखान्याच्या गेटवर जातात. तिथे उत्तर ठरलेलं असतं, "गाडी आमची नाही, ठेकेदाराची आहे." हे उत्तर नुसती टाळाटाळ आहे की त्याला कायद्याचा आधार आहे?

आधार आहे, पण अर्धाच.

समजा, त्याच रस्त्यावर कारखान्याच्या शेती विभागाची जीप प्लॉट पाहून परतताना कुणाला उडवते. चालक कारखान्याचा पगारी नोकर आहे. इथे संचालक मंडळाची काडीचीही चूक नसली तरी भरपाई कारखान्यालाच द्यावी लागते. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारच्या प्रकरणात हेच सांगितलं. उदयपूरला कलेक्टरची जीप दुरुस्त होऊन बंगल्याकडे परतत होती. चालकाच्या हलगर्जीपणाने पादचारी जखमी झाला आणि पुढे मरण पावला. चालक सरकारी कामावर होता, म्हणून सरकारलाही भरपाई चुकली नाही.

कारण सरळ आहे. कधी निघायचं, कोणत्या रस्त्याने जायचं, काम कसं करायचं, हे मालक ठरवतो. कामाचा फायदाही त्यालाच मिळतो. मग त्या कामातून होणारं नुकसान रस्त्यावरच्या तिऱ्हाईताने का सोसावं? शिवाय विमा काढणं, चालक पारखून घेणं मालकालाच जमतं. मात्र चालक कामावर असायला हवा. सुट्टीच्या दिवशी न विचारता जीप घेऊन तो पाहुण्यांकडे गेला असेल तर गणित बदलतं.

ठेकेदाराचं तसं नाही. ट्रॅक्टर त्याचा, कर्ज त्याच्या नावावर, डिझेल त्याचं, चालक त्याने ठेवलेला. कारखाना त्याला टनावर पैसे देतो. ऊस आणून टाका एवढंच सांगतो, गाडी कशी चालवायची ते सांगत नाही. म्हणजे तो स्वतःचा धंदा करतोय, आणि त्या धंद्यातली जोखीमही त्याचीच. म्हणून मोटार अपघाताचा दावा चालक, ट्रॅक्टरचा नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी यांच्यावर होतो. खरी अडचण इथेच येते. ट्रॅक्टरचा विमा असतो, पण ट्रॉलीचा नसतो. कंपनी त्याच मुद्द्यावर हात वर करते आणि ठेकेदाराकडे द्यायला काही नसतं.

करारावरचं नाव शेवटचं नाही

करारात "ठेकेदार" लिहिलं म्हणून कोर्ट तेवढ्यावर थांबत नाही. सौराष्ट्रातल्या मिठागरांत अगरिया मजूर हंगामापुरते येत, मिठाच्या वजनावर पैसे घेत, मदतीला स्वतःची माणसं लावत. ते स्वतंत्र ठेकेदार आहेत, असा कंपनीचा दावा होता. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच मानलं, कारण मीठ तयार होईपर्यंत प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती. तो खटला औद्योगिक वादाचा होता, अपघाताचा नव्हे. पण काम कसं करायचं हे कोण ठरवतं, ही कसोटी दोन्हीकडे लागते.

गाडी खरोखर ठेकेदाराची असली तरी कारखाना स्वतःच्या चुकीतून सुटत नाही. यार्ड भरलं म्हणून कारखान्याच्याच वॉचमनने ट्रॉल्या अंधारात डांबरी रस्त्यावर उभ्या करायला लावल्या आणि त्यावर कुणी आदळलं, तर ती चूक ठेकेदाराची एकट्याची नाही. कामच मुळात जिवावरचं असेल तिथेही ठेकेदाराकडे बोट दाखवून भागत नाही.

ऊसतोड मजुरांसाठी वेगळी वाट आहे. कर्मचारी भरपाईच्या कायद्यानुसार, मालकाच्या नेहमीच्या धंद्यातलं काम ठेकेदाराकडून करून घेतलं आणि त्याचा मजूर जखमी झाला, तर भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. मात्र अपघात कामाच्या जागेवर किंवा मालकाच्या ताब्यातल्या जागेत झालेला हवा. यार्डात ट्रॉलीखाली सापडलेल्या मजुराचा दावा म्हणून भक्कम असतो. वाटेत घाटात ट्रॉली उलटली, तर नेमक्या याच अटीवर वाद होतो.

म्हणून अपघातानंतर गेटवर घोषणा देण्याआधी चार गोष्टी हाताशी लागतात: ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोन्हींची नोंदणी व विम्याची कागदं, तोडणी-वाहतूक कराराची प्रत, गाडी तिथे कुणाच्या सांगण्यावरून उभी होती, हे नोंदवलेला पंचनामा, आणि चालकाला पगार कोण देत होतं याचा पुरावा. "गाडी आमची नाही" हे खरं की पळवाट, ते या कागदांवरच ठरतं.