आशाताई बाळाचा धोका ओळखतात, पण पुढे काय?

वणी तालुक्यातल्या एखाद्या गावात बाळ दवाखान्यात जन्मलं, तर आशाताईने 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी यायचं असतं. सहा भेटी. बाळाचं वजन करायचं, ताप मोजायचा, आई नीट पाजते का ते पाहायचं. बाळाने दूध ओढणं सोडलं, अंग थंड पडलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर लगेच दवाखाना.

ही कल्पना विदर्भातलीच. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायांना शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. पण तिथल्या आरोग्यदूत जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला घरीच प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत होत्या. देशभर योजना पसरली तेव्हा आशाताईचं मुख्य काम उरलं ते ओळखणं आणि पाठवणं.

घोळ इथेच होतो. उपकेंद्रातली नर्सची जागा रिकामी असेल, किंवा वैद्यकीय अधिकारी दुसऱ्या केंद्राचाही भार सांभाळत असेल, तर ताईने वेळेवर ओळखलेलं आजारपण तिथेच अडतं. जागतिक आरोग्य संघटना आरोग्य व्यवस्थेचे सहा आधार सांगते, मनुष्यबळ त्यातला एक. आशा त्या साखळीची पहिली कडी आहे, रिकाम्या पदाची भरपाई नाही.

आणखी एक फट म्हणजे माहेर. बाळंतीण पंधराव्या दिवशी दुसऱ्या गावी गेली की उरलेल्या भेटी कुणाच्या? तिथल्या आशाताईला फोन गेला तर ठीक. सहाही भेटींचे मिळून 250 रुपये ठरलेले असल्याने हिशेबही अडकतो.